गार्टली, बॅट की क्रॅब? भाव वळला की नाव ठरतं

शेअर बाजाराच्या चार्टवर पाच ठिपके जोडून काढलेली, इंग्रजी 'एम' किंवा 'डब्ल्यू'सारखी दिसणारी आकृती तुम्ही पाहिली असेल. दोन त्रिकोण एका टोकाशी जोडलेले, आत फिकट रंग भरलेला, रेषांवर ०.६१८, ०.७८६ असे आकडे आणि शेवटच्या ठिपक्यापासून भाव सरळ वर गेलेला. खाली नाव लिहिलेलं असतं: गार्टली, बॅट, बटरफ्लाय, क्रॅब, शार्क. यांना हार्मोनिक पॅटर्न म्हणतात. बाजाराचे चढउतार ठरावीक फिबोनाची गुणोत्तरांत होतात, त्यामुळे भाव कुठे वळेल ते आधीच मोजून काढता येतं, असा त्यांच्यामागचा दावा आहे. इतर पॅटर्नमध्ये 'साधारण खांद्यासारखं दिसतंय' एवढ्यावर काम भागतं, इथे मात्र तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे असतात. एवढ्या नेमकेपणामुळे माणसाचा विश्वास लगेच बसतो.

हा नेमकेपणा मूळचा नाही, नंतर आलेला आहे. एच. एम. गार्टली यांचं 'प्रॉफिट्स इन द स्टॉक मार्केट' हे पुस्तक १९३५ सालचं, महामंदीच्या काळातलं. त्याच्या २२२व्या पानावर त्यांनी एक रचना सांगितली. भाव मोठी चाल करतो, थोडा मागे येतो, पुन्हा उसळतो, पुन्हा खाली येतो, आणि तिथे कमी जोखमीत खरेदीची संधी मिळते. जुन्या ट्रेडर मंडळींत ती आजही 'गार्टली २२२' म्हणून ओळखली जाते. पण गार्टलींनी तिथे फिबोनाचीचं एकही गुणोत्तर दिलेलं नाही. ते आकडे बऱ्याच वर्षांनी चिकटले. लॅरी पेसाव्हेंटो यांनी १९९७च्या पुस्तकात पॅटर्न आणि फिबोनाची गुणोत्तरं एकत्र आणली. पुढे स्कॉट कार्नी यांनी प्रत्येक ठिपक्याला गुणोत्तर नेमून दिलं आणि नवे प्रकारही काढले: २०००मध्ये क्रॅब, २००१मध्ये बॅट, २०११मध्ये शार्क. गार्टली ज्याला गार्टली म्हणतात ते पाहून ओळखतील, पण त्यावरचे आकडे त्यांना अनोळखी वाटतील.

आता ही मोजणी प्रत्यक्ष कशी करतात ते एका उदाहरणावर पाहू. आकडे मी सोयीसाठी बनवलेले आहेत, पण कुठल्याही निर्देशांकाच्या चार्टवर असे आकडे सापडतात. एक्स हा तळ २२,००० वर. तिथून भाव २३,००० पर्यंत चढला, तो ए. म्हणजे एक्स ते ए ही चाल १,००० अंशांची. मग भाव उतरून २२,४०० वर आला, तो बी. हजारातले सहाशे परत गेले, म्हणजे गुणोत्तर ०.६०. तिथून उसळी घेऊन २२,८५०, हा सी. सहाशेतले साडेचारशे भरून निघाले, म्हणजे ०.७५. आता भाव पुन्हा उतरतोय आणि तो जिथे वळेल तो ठिपका डी. खरेदी करायची ती डीवर.

गार्टलीचे नियम असे: बी हा एक्स-एच्या ०.६१८ वर, सी हा ए-बीच्या ०.३८२ ते ०.८८६ यांच्यामध्ये कुठेही, आणि डी हा एक्स-एच्या ०.७८६ वर. आपला बी ०.६० वर आहे, ०.६१८च्या पुष्कळ जवळ, चालून जाईल. सीचं ०.७५ मर्यादेत बसतं. मग डी येतो २२,२१४ वर. तिथे घ्यायचं आणि एक्सच्या जरा खाली, समजा २१,९९० वर, स्टॉप लॉस लावायचा. इथपर्यंत सगळं शिस्तशीर वाटतं.

आता शेजारच्या ट्रेडरकडे वळू. त्याच्यासमोर हाच चार्ट आहे. पण त्या दिवशीचा २२,४०० हा भाव पाच मिनिटांपुरता लागला होता, कँडलची खालची शेपटी होती ती. बाजार बंद झाला तेव्हा भाव २२,४८० होता. हा ट्रेडर बंद भाव धरतो, आणि तसं धरणारे भरपूर आहेत. मग बीचं गुणोत्तर होतं ०.५२. गार्टलीसाठी ते कमी पडतं, पण बॅटसाठी बी ०.३८२ ते ०.५० यांच्यामध्ये लागतो आणि ०.५२ त्याच्या अगदी काठावर आहे. बॅटचा डी ०.८८६ वर, म्हणजे २२,११४ वर. जन्मवेळ पाच मिनिटं इकडेतिकडे सरकवली की गुण जुळतात, तसाच हा प्रकार.

तिसऱ्या ट्रेडरला शेपटीचीही तक्रार नाही. तो बी २२,४०० च धरतो, पण त्याच्या मते हा क्रॅब आहे. क्रॅबमध्ये बी ०.३८२ ते ०.६१८ यांच्यात लागतो, ०.६० आत बसतो. सीची अट तीच. आणि डी? एक्स-एच्या १.६१८ पट खाली, म्हणजे २१,३८२ वर. पहिल्या ट्रेडरचा स्टॉप लॉस जाऊन सहाशे अंश झाल्यावर याची खरेदी सुरू होते.

म्हणजे डी यायच्या आधी या एकाच चार्टवर खरेदीच्या तीन जागा आहेत: २२,२१४, २२,११४ आणि २१,३८२. भाव २२,२०० ला वळला तर 'गार्टली काय सुंदर चालला' असा चार्ट फिरतो. २२,११० ला वळला तर तोच चार्ट बॅटच्या नावाने फिरतो. २१,४०० ला वळला तर क्रॅब. कुठेच न वळता खाली गेला तर चार्ट फिरतच नाही. आधी चार उत्तरं शक्य होती आणि नंतर त्यांतलं एकच होतं असं वाटतं. हार्मोनिक पॅटर्नची मोहिनी मुख्यतः इथे आहे.

'जवळपास चालतं' या सवलतीचाही हिशोब करून पाहावा. फिबोनाची मालिकेत शेजारच्या दोन संख्यांचं गुणोत्तर ०.६१८ कडे जातं, हे शाळेत ऐकलेलं असतं. ०.३८२ हा त्याचा वर्ग. ०.७८६ हे त्याचं वर्गमूळ, आणि त्याचंही वर्गमूळ काढलं की ०.८८६. ०.५० या घराण्यातला नाही, पण सोयीचा म्हणून घेतलेला. ०.७०७ हे अर्ध्याचं वर्गमूळ, तेही यादीत येतं. असे सहा आकडे झाले. आता प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना ०.०३ची सूट द्या, जी चार्टवर डोळ्यांना जाणवतही नाही. प्रत्येक आकड्याभोवती ०.०६ रुंदीचा पट्टा तयार होतो, सहांचे मिळून ०.३६. हे पट्टे साधारण ०.३५ ते ०.९२ या ०.५७ लांबीच्या पट्टीवर पसरलेले आहेत आणि एकमेकांवर चढत नाहीत. म्हणजे त्या पट्टीवर डोळे मिटून कुठेही बोट ठेवलं तरी शंभरातल्या त्रेसष्ट वेळा ते कुठल्या ना कुठल्या 'पवित्र' आकड्यावर पडणार. एकापेक्षा मोठ्या गुणोत्तरांची यादी तर आणखी ऐसपैस आहे: १.१३, १.२७२, १.४१४, १.६१८, २, २.२४, २.६१८, आणि काहींच्या यादीत ३.१४ सुद्धा. पायचा फिबोनाचीशी काय संबंध, असं विचारायला कोणी थांबत नाही.

यावर जाणकार म्हणतील की एक गुणोत्तर जुळणं सोपं असेल, पण इथे तीनचार अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. युक्तिवाद वजनदार आहे, म्हणून तपासायलाच हवा. गार्टलीला चौथी एक अट असते. सी ते डी ही उतरण बी-सीच्या उसळीच्या १.१३ ते १.६१८ पट हवी. डीची जागा एका बाजूने एक्स-एवरून आणि दुसऱ्या बाजूने बी-सीवरून काढायची, आणि दोन्ही उत्तरं एका पट्ट्यात आली की ती भक्कम समजायची. जणू दोन वेगवेगळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली.

पण हे साक्षीदार वेगवेगळे नाहीत. बी बरोबर ०.६१८ वर आणि डी बरोबर ०.७८६ वर असेल, तर सी कुठे आहे यावरून चौथं गुणोत्तर आपोआप ठरतं, बाजाराला त्यात काही करायचं उरत नाही. कागदावर गणित मांडलं की दिसतं, सी ०.४४ पासून ०.८८६ पर्यंत कुठेही असो, चौथी अट पाळली जातेच. आणि सीची अटही नावापुरतीच आहे. उसळी ०.३८२ हूनही लहान असेल तर तिला ठिपका म्हणून कोणी मोजणारच नाही, आणि सी ए-च्या वर गेला तर आकृतीच मोडते. ०.३८२ ते ०.८८६ एवढ्या मोकळ्या जागेत उरलेलं बहुतेक सगळं मावतं. खऱ्या अर्थाने बांधणाऱ्या अटी दोनच उरतात, बी आणि डी. त्यांतली डीची अट तर, भाव वळून गेल्यावर चार्ट पाहणाऱ्याला वळण बघूनच आकृती निवडायची असल्यामुळे, ढिली पडलेली असते.

मग डोळ्याने काढण्यापेक्षा सॉफ्टवेअरने पॅटर्न शोधले तर? पक्षपात टळेल, असं वाटतं. सॉफ्टवेअरला आधी शिखरं आणि तळ कुठे धरायचे ते सांगावं लागतं. त्यासाठी बहुधा झिगझॅग नावाचा इंडिकेटर वापरतात. भाव अमुक टक्के उलट फिरला तरच आधीच्या टोकाला शिखर किंवा तळ म्हणायचं, असा त्याचा नियम. आपल्या उदाहरणात हा आकडा २ टक्के ठेवू. २३,००० वरून २२,४०० ही उतरण २.६ टक्क्यांची, म्हणून बी मोजला जातो. २२,४०० वरून २२,८५० हा चढ जेमतेम २ टक्क्यांच्या वर, म्हणून सीसुद्धा वाचतो. आता तोच आकडा ३ करा. बी आणि सी दोन्ही गायब. चार्टवर एक्सपासून एपर्यंत चढ आणि तिथून एक सलग उतरण एवढंच उरतं. २ च्या जागी ३ टंकलं आणि गार्टली नाहीसा झाला. बाजारात जे घडलं ते बदललेलं नाही.

दुसरी गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही आणि त्याचे पैसे तिथेच जातात. समजा भाव २२,२०० ला वळला. झिगझॅग त्या जागेला तळ कधी म्हणेल? भाव तिथून २ टक्के वर गेल्यावर, म्हणजे २२,६४४ ला. तोवर ठिपका चार्टवर नसतो. २२,६४४ आला की तो मागे जाऊन २२,२०० वर उमटतो. दुसऱ्या दिवशी चार्ट उघडणाऱ्याला वाटतं, २२,२०० लाच इशारा मिळाला होता. या पॅटर्नमध्ये पहिलं टार्गेट ए-डीच्या ०.३८२ वर धरायची पद्धत आहे. ते २२,५१४ च्या आसपास येतं. म्हणजे पॅटर्न 'पक्का' झाला तेव्हा पहिलं टार्गेट मागे पडलेलं होतं. ट्रेडर मंडळींत याला 'रीपेंट होणं' म्हणतात. एखादा इंडिकेटर रीपेंट होतो का हे ओळखणं सोपं आहे: चालू बाजारात रोज संध्याकाळी स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि महिन्याने त्याच तारखांच्या आजच्या चार्टशी ताडून पाहायचा. जुन्या चित्रात नसलेले ठिपके नव्या चित्रात दिसले की समजायचं.

तरी क्लासवाले म्हणतात, 'आमच्या पॅटर्नची अचूकता ८० टक्के.' गंमत म्हणजे हा आकडा खोटा असेलच असं नाही. आपल्या गार्टलीत खरेदी २२,२१४ ला आणि स्टॉप लॉस २१,९९० ला, म्हणजे खाली २२४ अंशांची जोखीम. भाव डीपासून ५० अंश वर गेला की 'पॅटर्न चालला' असं धरलं, तर निव्वळ छापा-काट्याने चालणाऱ्या बाजारात यशाचं प्रमाण किती येईल? दोन टोकांपैकी वरचं आधी गाठण्याची शक्यता म्हणजे खालचं अंतर भागिले एकूण अंतर. २२४ भागिले २७४, जवळपास ८२ टक्के. टार्गेट जवळ आणि स्टॉप लॉस लांब असेल तर कुठलाही पॅटर्न बहुतेक वेळा 'चालतो'. फक्त प्रत्येक वेळी मिळतात ५० आणि जातात तेव्हा २२४. टार्गेट ३०० अंशांवर नेलं तर त्याच नाणेफेकीत यश ४३ टक्क्यांवर येतं. दोन्हींत सरासरी कमाई शून्य, आणि त्यातून ब्रोकरेज आणि कर वजा. म्हणून अचूकतेचा नुसता आकडा ऐकून काही कळत नाही. त्याच टार्गेट आणि स्टॉप लॉसवर नुसत्या नशिबाने किती आली असती, हे शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

नशीब हुबेहूब चार्टसारखे चार्ट काढतं, हे नव्याने कळलेलं नाही. शिकागो विद्यापीठातल्या हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली यादृच्छिक आकड्यांवरून वर्षभराचा बनावट निर्देशांक काढून दाखवला होता. त्यात तज्ज्ञांना ओळखीचे वाटतील असे आकार आपसूक उमटले होते. तुम्हाला हे घरी करून पाहायचं असेल तर स्प्रेडशीटच्या `A1` मध्ये 22000 लिहा, खालच्या खणात

```
=A1+IF(RAND()<0.5,-20,20)
```

हे सूत्र घाला, पाचशे ओळी खाली ओढा आणि रेषेचा चार्ट काढा. मग कुठल्याही चार्टिंगच्या पुस्तकातले नियम घेऊन बसा. गार्टली, बॅट आणि क्रॅब शोधायला फार वेळ लागणार नाही, आणि त्यांतले काही अगदी देखणे निघतील.

खऱ्या बाजारावरही हा प्रश्न विचारून झाला आहे. लंडनच्या कॅस बिझनेस स्कूलमधले रॉय बॅचेलर आणि रिचर्ड रम्यार यांनी २००६ साली डाऊ जोन्स निर्देशांकाचे १९१४ ते २००२ पर्यंतचे चढउतार तपासले. एका चालीच्या तुलनेत पुढची चाल किती, ही गुणोत्तरं फिबोनाचीच्या आकड्यांपाशी गर्दी करतात का, हे त्यांना पाहायचं होतं. योगायोगाने जेवढी यावीत त्याहून जास्त ती तिथे आढळली नाहीत. ०.५० सारख्या साध्या अपूर्णांकांचीही तीच गत झाली.

इथे एक प्रतिवाद नेहमी येतो: गणितात काही नसेलही, पण हजारो लोक तेच आकडे पाहतात, म्हणून तिथे खरेदी होते आणि भाव वळतो. मला या युक्तिवादाची अडचण अशी वाटते की त्याला लोकांचं एकमत लागतं. आपल्या तीन ट्रेडरचं तेवढं एकमतही झालं नाही. एक २२,२१४ ला थांबलाय, एक २२,११४ ला आणि तिसरा सव्वाआठशे अंश खाली. आणि समजा सगळे खरंच २२,२१४ वर नजर लावून बसले, तर कोणीतरी आधी हात मारायला म्हणून २२,२३० ला घेणार, त्याला पाहून दुसरा २२,२५० ला.

तरी ज्याला हे पॅटर्न वापरायचेच आहेत, त्याने निदान कागदावर तपासावेत. सी ठिपका तयार झाला की, डी यायच्या आधी, वहीत लिहायचं: भाव शेपटीचा धरला की बंद, झिगझॅगचा टक्का किती, पॅटर्न कोणता, डी कुठे, स्टॉप लॉस कुठे, टार्गेट कुठे, तारीख आणि वेळ. डीपर्यंत भाव न आलेले पॅटर्नही खोडायचे नाहीत. आणि त्याच चार्टवर शेजारच्या रकान्यात बनावट आकड्यांचा पॅटर्न लिहायचा: बी ०.६१८ ऐवजी ०.५७ वर, डी ०.७८६ ऐवजी ०.८३ वर. त्याचाही स्टॉप लॉस एक्सच्या खाली तेवढ्याच अंतरावर आणि टार्गेटही जोखमीच्या त्याच पटीत. अशा शंभरेक नोंदी झाल्या की दोन्ही रकान्यांची कमाई खर्च वजा करून शेजारी शेजारी मांडायची. फिबोनाचीचा रकाना ठळकपणे पुढे असेल तर त्या ट्रेडरच्या हाती खरोखर काही लागलं आहे. दोन्ही सारखेच निघाले, तर त्याला जे काही यश मिळत होतं ते आधी ठरवलेल्या स्टॉप लॉसचं होतं, आणि तो लावायला फिबोनाची लागत नाही.